कराडमधील लहान डेव्हलपर भेटीसाठी टॅगलाइन आणि स्वागताचा मजकूर

प्रश्न : आम्ही पाच जण कराडमध्ये दर महिन्याला डेव्हलपर्सची भेट सुरू करत आहोत. ‘कराड डेव्हलपर्स’ हे नाव ठरले आहे. हॉल एका मित्राच्या क्लासचा आहे, २५-३० जण येतील असा अंदाज आहे. टॅगलाइनसाठी ‘सह्याद्रीची सिलिकॉन व्हॅली’, ‘कोडचा प्रीतिसंगम’ आणि ‘शिका, वाटा, वाढा’ असे तीन पर्याय सुचले आहेत. यांतली कोणती घ्यावी, आणि स्वागताच्या मजकुरात काय लिहावे?

उत्तर : या तिन्हींपैकी एकही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मी ‘केलेले सॉफ्टवेअर दाखवू, अडलेले विचारू’ ही ओळ सुचवतो. ती कशी हाती आली हे सविस्तर सांगतो, कारण हॉल, वार किंवा स्वरूप बदलले तर तुम्हाला ती पुन्हा स्वतःच घडवावी लागेल.

सुरुवात तुमच्या नावापासून करावी लागते. पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये ‘डेव्हलपर’ हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात सॉफ्टवेअर येते, पण आपल्याकडील तालुक्याच्या गावात ‘डेव्हलपर्स’ ही पाटी बांधकाम व्यावसायिकाची असते. ‘बिल्डर्स अँड डेव्हलपर्स’ हे शब्द लोकांनी इतक्या फलकांवर वाचलेले आहेत की ‘कराड डेव्हलपर्स’ असा फलक क्लासच्या दारावर लावला, तर जिना चढणारा माणूस प्लॉट किंवा फ्लॅटची चौकशी करायला आला तरी त्याचा दोष म्हणता येणार नाही. नाव ठरून गेले असेल तर ते राहू द्यावे. मात्र मग ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द टॅगलाइनमध्ये आलाच पाहिजे.

दुसरी अडचण ‘कोड’ या शब्दाची आहे. आपण दिवसभर तो शब्द वापरतो म्हणून आपल्याला त्यात काही खटकत नाही, परंतु मराठी वाचणाऱ्या बहुसंख्य लोकांसाठी कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. घरातील वडीलधाऱ्यांनी किंवा हॉलच्या मालकांनी ‘कोडचा प्रीतिसंगम’ असे वाचले, तर त्यांना ते त्वचारोगाचे शिबिर वाटण्याची शक्यता खरी आहे, आणि ज्यांच्या घरी तो आजार आहे त्यांना ते शब्द टोचतीलही. मोठ्या शहरातील भेटीची जाहिरात केवळ त्या व्यवसायातील माणसे वाचतात. गावात मात्र तीच ओळ हॉल देणारा, चहावाला, मुलीला संध्याकाळी एकटीला पाठवावे की नाही याचा विचार करणारे आईवडील आणि पतसंस्थेचा व्यवस्थापक असे सगळेच वाचतात. म्हणून ती ओळ या सर्वांना न अडखळता कळली पाहिजे. स्वागताच्या मजकुरात, वाक्याच्या संदर्भात ‘कोड’ आला तर चालतो, पण फलकावर एकटा उभा केल्यास तो निसटतो.

आता तुमचे पर्याय एकेक पाहू. ‘सह्याद्रीची सिलिकॉन व्हॅली’ या शब्दांत दुसऱ्याच्या गावाचे मोठेपण उसने घेतलेले आहे. वाचणारा नकळत तुलना करू लागतो, आणि क्लासच्या बाकांवर बसलेले २५ जण त्या तुलनेत कमीच दिसणार. जो माणूस गेली १२ वर्षे दूध संघाचे हिशेब सांभाळणारा प्रोग्रॅम एकहाती चालवतो, त्याचे काम स्वतःच्या बळावर उभे आहे आणि त्याला त्या तुलनेची गरजच नाही.

‘प्रीतिसंगम’ हा शब्द कोणत्याही कराडकराला जवळचा वाटणारच. कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोरून येऊन मिळतात आणि मग पूर्वेकडे वळतात, हे दृश्य पाहतच आपण मोठे झालो आहोत. परंतु ही प्रतिमा गावाची ओळख सांगते, तुमच्या भेटीची सांगत नाही. तीच ओळ कविसंमेलनाला लावता येते, वधूवर मेळाव्याला तर अधिकच शोभते. शिवाय पाटण, उंब्रज, इस्लामपूर किंवा विट्याहून येणाऱ्या माणसाला ही आपली नव्हे, कराडकरांची घरगुती बैठक आहे असे वाटू शकते. तुमचे निम्मे लोक कदाचित तिकडूनच येणार आहेत. संगमाचे छायाचित्र फलकाच्या पार्श्वभूमीला जरूर वापरावे, त्याला माझी हरकत नाही.

‘शिका, वाटा, वाढा’ बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ही ओळ व्यायामशाळा, बचत गट आणि शिकवणी वर्ग अशा तिन्ही ठिकाणी जशीच्या तशी बसते, म्हणजेच ती तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

मी अशी ओळ तपासताना एक प्रसंग डोळ्यांपुढे आणतो. शनिवारी दुपारी महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघाली आहे आणि आजी विचारते, “कुठे निघालीस?” त्या प्रश्नाला तिला एका दमात देता येईल असे उत्तर म्हणजे चांगली टॅगलाइन. “सह्याद्रीच्या सिलिकॉन व्हॅलीला” असे कोणी म्हणणार नाही. “आम्ही केलेले सॉफ्टवेअर एकमेकांना दाखवतो आणि अडलेले विचारतो, तिकडे निघाले,” असे मात्र ती सहज म्हणू शकते. या ओळीत क्रियापदे दोन आहेत आणि दोन्हींचा कर्ता ‘आपण’ आहे, त्यामुळे व्यासपीठावरचा आणि श्रोत्यांतला असा भेद राहत नाही. ‘अडलेले’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्याकडे दाखवण्यासारखे काही नाही, त्यालाही येण्याचे कारण तो देतो. अडलेले तर प्रत्येकाकडे असतेच.

मात्र ही ओळ वापरायची असेल तर भेट तशीच झाली पाहिजे. याबाबतीत मी स्वतः एकदा चूक केली आहे. शेजारच्या जिल्ह्यात आम्ही अशीच भेट सुरू केली तेव्हा जाहिरातीत ‘गप्पा आणि शंका’ असे लिहिले होते, आणि प्रत्यक्षात पुण्याहून एका परिचिताला बोलावून कुबरनेटिसवर दीड तासाचे व्याख्यान ठेवले. वक्ता उत्तम होता. परंतु समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पतसंस्थांसाठी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेले जुने प्रोग्रॅम सांभाळणारे होते. त्यांची अडचण एकाच संगणकावरचा डेटा सुरक्षित कसा ठेवावा ही होती आणि ती विचारायला वेळच उरला नाही. पुढच्या भेटीला निम्मेही आले नाहीत, आणि जे आले नाहीत त्यांतील कोणीही तक्रार केली नाही. गावात लोक तोंडावर वाईट म्हणत नाहीत, फक्त पुन्हा येत नाहीत. तेव्हापासून मी अडीच तासांतील शेवटचा पाऊण तास ‘अडलेले’साठी राखून ठेवतो आणि वक्त्याचे लांबले तरी त्यातील एक मिनिटही देत नाही.

आता स्वागताच्या मजकुराकडे वळू. हा मजकूर लोक व्हॉट्सॲपवर, कोणीतरी पुढे पाठवलेला, फोनच्या पडद्यावर वाचणार आहेत. लांब संदेशाचा फक्त वरचा भाग दिसतो आणि उरलेला उघडून वाचावा लागतो. म्हणून ‘सर्व तंत्रप्रेमींचे सहर्ष स्वागत’ अशा ओळींत ती मोक्याची जागा घालवू नये. तेथे वार, वेळ, ठिकाण, शुल्क आणि संपण्याची वेळ एवढेच असावे. संपण्याची वेळ मी मुद्दाम सांगतो आहे. मोठ्या शहरात कार्यक्रम अर्धा तास लांबला तरी फारसे बिघडत नाही. आपल्याकडे परतीची एसटी पकडायची असते, पाटणच्या बाजूला जायचे असेल तर पावसाळ्यात अंधार पडण्यापूर्वी निघावे लागते, आणि रेल्वेने येणाऱ्याला स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला आहे हेही लक्षात ठेवावे लागते. ‘सहा वाजता नक्की संपेल’ हे चार शब्द वाचून येण्याचे ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात विद्यार्थिनींची संख्या अधिक असते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. गावातील हॉलमध्ये ‘मोफत’ कार्यक्रम म्हटले की लोकांना पूर्वीचे अनुभव आठवतात : साखळी पद्धतीची विक्री, विम्याची योजना, नाहीतर शेवटी फी सांगणारा संगणक कोर्स. तुमचा हॉल तर क्लासचाच आहे, त्यामुळे ही भेट म्हणजे त्या क्लासची प्रवेश मोहीम आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय एकच : हॉल मित्राचा आहे हे स्वतःहून सांगावे आणि येथे काहीही विकले जाणार नाही हे साध्या वाक्यात लिहावे. मित्राला त्या दिवशी पत्रके वाटू नयेत अशी विनंतीही करावी, नाहीतर ते वाक्य खोटे ठरेल. त्याच कारणाने नोकरी, प्लेसमेंट, करिअर हे शब्द पहिल्या काही महिन्यांत मजकुरात आणू नयेत. भेटीतून कोणाला काम मिळाले तर आनंदच आहे, पण त्याची आशा दाखवून बोलावलेला माणूस दुसऱ्या भेटीत निराश होतो.

तिसरी गोष्ट संकोचाची, आणि माझ्या मते याच ठिकाणी बहुतेक मजकूर कमी पडतात. ‘सर्वांचे स्वागत आहे’ असे लिहिल्याने कोणाचाच संकोच जात नाही, कारण प्रत्येक जण ‘सर्वांत’ आपण आहोत का हे मनात विचारत राहतो. त्यापेक्षा माणसे कामाने ओळखून सांगावीत. दुकानांची बिलिंगची कामे करणारा स्वतःला ‘डेव्हलपर’ म्हणवून घेत नाही. घरून मोठ्या कंपनीचे काम करणारी सून गावात तिच्या व्यवसायातील कोणालाच ओळखत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉप नसतो. या तिघांना आपण आपल्यासाठीच बोलावलेले आहोत असे वाटायला हवे. भाषेचेही तसेच आहे : बोलणे मराठीत होईल हे लिहून टाकावे. इंग्रजीत प्रश्न विचारावा लागेल या भीतीने गप्प बसणारे लोक मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, आणि त्यांचे प्रश्न बहुधा सर्वांत चांगले असतात.

वागण्याच्या नियमांसाठी लांबलचक आचारसंहिता पहिल्याच संदेशात चिकटवू नये. दोन नियम पुरतात आणि दोन्ही इतरांनी वापरून पाहिलेले आहेत. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये, जेथे लोक एकत्र येऊन प्रोग्रॅमिंग शिकतात, असा नियम आहे की कोणाला एखादी गोष्ट माहीत नसल्यास आश्चर्य दाखवायचे नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर “अजून गिट येत नाही?” हे वाक्य उच्चारायचे नाही. दुसरा नियम एरिक होल्शर यांनी मांडलेला : घोळका करून उभे राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, म्हणजे नव्याने आलेल्याला सहज सामील होता येते. लहान गावात हा नियम अधिक लागतो, कारण एका महाविद्यालयाची किंवा एका कंपनीची मंडळी एकमेकांना आधीपासून ओळखतात आणि चहाच्या वेळी त्यांचे घट्ट कडे तयार होते. त्रास झाल्यास कोणाशी बोलावे हे मात्र नाव आणि फोन क्रमांकासह लिहावे. आयोजकांत एखादी स्त्री असेल तर तिचे नाव तिला विचारून द्यावे. नसेल तर केवळ दिसण्यासाठी कोणाचे नाव घालू नये. त्यापेक्षा पहिल्या दोन भेटींत तशी सहआयोजक शोधावी.

हे सर्व एकत्र केल्यावर मजकूर साधारण असा होतो. कंसातील जागा तुम्ही भराव्यात.

> कराड डेव्हलपर्स : केलेले सॉफ्टवेअर दाखवू, अडलेले विचारू
>
> शनिवार (तारीख), दुपारी ३.३० ते ६.००. (क्लासचे नाव) यांचा हॉल, दुसरा मजला, (जवळची खूण). प्रवेश मोफत. सहा वाजता नक्की संपेल.
>
> नमस्कार. कराड आणि आसपासच्या गावांत सॉफ्टवेअर तयार करणारे आणि शिकणारे आपण सगळे महिन्यातून एकदा भेटणार आहोत. दुकान, दूध संघ किंवा पतसंस्थेचे प्रोग्रॅम सांभाळणारे, दूरच्या कंपनीचे काम घरून करणारे आणि महाविद्यालयात शिकणारे, अशा प्रत्येकासाठी ही भेट आहे.
>
> या वेळी दोन कामे पाहू : दूध संकलन केंद्रातील वजनकाट्याचे आकडे थेट संगणकात घेणारा प्रोग्रॅम, आणि विद्यार्थ्यांनी तयार केलेले वेळापत्रकाचे ॲप. चहानंतर पाऊण तास फक्त अडलेल्या प्रश्नांसाठी. आपला प्रश्न आधी कळवला तर उत्तम, नाहीतर तेथेच विचारा.
>
> बोलणे मराठीत होईल. लॅपटॉप नसला तरी चालेल. हॉल आमच्या मित्राने दिला आहे. येथे कोर्स, योजना किंवा वस्तू विकली जात नाही आणि आपले फोन क्रमांक कोणाला दिले जात नाहीत.
>
> एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नसेल तर नवल करायचे नाही, आणि घोळक्यात नेहमी एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, एवढे दोन नियम आहेत. काही अडचण वाटल्यास (नाव, क्रमांक) किंवा (नाव, क्रमांक) यांना सांगा.

या मसुद्यातील दोन कामांची वाक्ये मी उदाहरणादाखल घेतली आहेत. तेथे तुमची खरी कामे घाला आणि ती इतकीच नेमकी लिहा. ‘वेब तंत्रज्ञानावर मार्गदर्शन’ असे लिहिले तर ज्याच्या संकलन केंद्रात वजनकाटा सीरियल पोर्टला जोडलेला आहे, त्याला हे आपल्या कामाचे आहे हे कळणार नाही. ‘वजनकाट्याचे आकडे’ असे वाचले की तो तालुक्याच्या टोकाहूनही येईल. दुसरा शनिवार निवडावा असेही मी सुचवेन. त्या दिवशी बँका बंद असतात, त्यामुळे बँका आणि पतसंस्थांची कामे सांभाळणाऱ्यांना थोडी उसंत असते, आणि बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांनाही शनिवारी सुट्टी असते.

हाच मजकूर भेटीच्या सुरुवातीला पूर्ण वाचून दाखवू नये. तेव्हा फक्त शेवटचे दोन नियम आणि संपण्याची वेळ सांगावी, एका मिनिटात. त्यानंतर ओळख करून घेताना “कोणत्या कंपनीत?” किंवा “कोणत्या कॉलेजचे?” असे विचारू नये, कारण त्या उत्तरांनी खोलीत लगेच पायऱ्या तयार होतात. “सध्या काय करणे चालू आहे?” एवढेच विचारावे. या प्रश्नाला विद्यार्थ्यापासून २० वर्षांचा अनुभव असलेल्यापर्यंत प्रत्येकाकडे सारख्याच लांबीचे उत्तर असते.

छपाईबद्दल एक सूचना करणे आवश्यक आहे, कारण मेहनतीने ठरवलेले शब्द फ्लेक्सवर बिघडलेले मी अनेकदा पाहिले आहेत. आपल्याकडील बऱ्याच डीटीपी केंद्रांत अजून जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरले जातात. तुम्ही फोनवरून पाठवलेला मजकूर तेथे पुन्हा टंकला जातो किंवा परिवर्तकातून काढला जातो, आणि त्यात सर्वप्रथम ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ यांचा बळी जातो. ‘करणाऱ्यांसाठी’चे ‘करणार्यांसाठी’ होते. हा अर्धा र युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ऱ पासून, म्हणजे `U+0931` आणि त्यापुढे `U+094D` असा, तयार होतो. साध्या र ला हलन्त जोडला तर तो पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मी सुचवलेल्या टॅगलाइनमध्ये हे जोडाक्षर नाही, आणि ते मी जाणीवपूर्वक टाळले आहे. ‘सॉफ्टवेअर करणाऱ्यांची भेट’ ही ओळही मनात आली होती, ती याच कारणाने मागे ठेवली. गावाचे नावही ‘कऱ्हाड’ असे न लिहिता ‘कराड’च लिहावे. ‘कऱ्हाड’ हे रूप जुने आणि प्रिय असले तरी छपाईत तेच बिघडते, आणि फोनवर ‘कराड’ टंकून शोधणाऱ्याला ते सापडत नाही. फलकाचा मजकूर चित्र किंवा पीडीएफ स्वरूपात तयार करून द्यावा, आणि छापण्यापूर्वी नमुन्यात ‘सॉफ्टवेअर’मधील ‘ॉ’ आणि ‘फ्ट’ नीट आले आहेत का ते डोळ्यांनी पाहावे. फोनवरून “बरोबर आहे” असे ऐकून भागत नाही.

मजकूर जमला की नाही हे हजेरीवरून पहिल्या महिन्यात कळत नाही, कारण पहिल्या भेटीला ओळखीचे लोक येतातच. त्यापेक्षा संदेश गेल्यावर तुम्हाला फोनवर कोणते प्रश्न आले ते एका वहीत लिहून ठेवा. “लॅपटॉप आणावा लागेल का?” असे तिघांनी विचारले, तर ती ओळ मजकुरात असूनही दिसत नाही आणि ती वर आणावी लागेल. “फी नंतर घेणार का?” असे कोणी विचारले, तर विश्वासाचे वाक्य पुरेसे स्पष्ट नाही. “यातून सर्टिफिकेट मिळते का?” हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून हमखास येतो. त्याचे ‘नाही’ हे उत्तर दुसऱ्या महिन्यापासून मजकुरातच घालावे. मात्र एक ओळ वाढवली की एक ओळ काढावी, नाहीतर सहा महिन्यांत हा मजकूर कोणी शेवटपर्यंत वाचणार नाही.

काढण्यासाठी पहिली ओळ तयारच आहे. तिसऱ्या भेटीपासून ‘कोणासाठी’ हे सांगणारे लांब वाक्य काढून त्याजागी ‘मागच्या भेटीत’ असे लिहून तेथे खरोखर सुटलेल्या दोन अडचणी नेमक्या शब्दांत लिहा, म्हणजे पतसंस्थेच्या पावतीवर मराठी नाव तुटत होते ते कसे दुरुस्त झाले, किंवा वजनकाट्याचे आकडे मध्येच थांबत होते त्याचे कारण काय निघाले, असे.